फेब्रुवारीत पैसा संपला तेव्हा

अंबाजोगाईहून केजकडे जाताना रस्त्यालगत एक छोटी डाळमिल आहे. मिलमागच्या फरशीच्या अंगणात तेलाचा हात दिलेली तूर वाळत पडलेली असते आणि दोन-तीन बाया दिवसभर ती पायांनी, फावड्यांनी परतत असतात. तेल-पाणी मुरवून, उन्हात सुकवून मगच तूर रोलरवर जाते. ऊन चांगलं असेल तर पोत्यातून निघालेली तूर सहाव्या दिवशी डाळ होते. आभाळ आलं की ताडपत्र्या ओढायच्या आणि थांबायचं. मग सहाचे नऊ दिवस होतात, कधी दहा.

या अंगणात किती रुपये पडून असतात, हा हिशेब मिलच्या मालकांनी पहिली दोन वर्षं कधी केलाच नव्हता. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत, बाजार समितीत तुरीच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, त्यांच्या खात्यात पैसा नव्हता. “मिल नफ्यात होती, ऑर्डरी हातात होत्या, आणि मला बारा पोती तूर घेता येत नव्हती,” ते सांगतात. नाव छापू नका, एवढी एकच विनंती करून त्यांनी आपल्या वह्या समोर ठेवल्या. इतरांना उपयोग व्हावा, हा त्यांचा हेतू.

चूक सुरुवातीलाच झाली होती. वर्षाची विक्री 3 कोटी 60 लाख धरून त्यांनी कर्जाचा अर्ज केला. छोट्या उद्योगांसाठी बँका एक सोपा मार्ग वापरतात. रिझर्व्ह बँकेने 1991मध्ये नेमलेल्या नायक समितीच्या शिफारशीतून तो आला. अपेक्षित विक्रीच्या 25 टक्के खेळतं भांडवल लागेल असं धरायचं, त्यातले 20 टक्के बँकेने द्यायचे आणि 5 टक्के उद्योजकाने घालायचे. म्हणजे 90 लाखांची गरज. बँकेची मर्यादा 72 लाख, स्वतःचे 18 लाख. हे सगळं नियमाप्रमाणेच होतं. पण 25 टक्के म्हणजे वर्षाचा चौथा भाग, म्हणजेच घातलेला रुपया तीन महिन्यांत फिरून परत येतो असं त्यात गृहीत आहे. आपला रुपया किती दिवसांनी परत येतो, हे मालकांनी मोजलेलंच नव्हतं.

ते मोजायला कागद-पेन्सिल पुरते. वर्ष 360 दिवसांचं धरलं तर त्यांची विक्री रोज एक लाखाची. त्या लाखात तूर 82 हजारांची. मजुरी, वीज आणि तेल मिळून 7 हजार, ऑफिस आणि गाडीभाडं 4 हजार. रोज खिशातून जाणारा खर्च असा 93 हजारांचा. उरलेल्या 7 हजारांतून व्याज, घसारा आणि नफा. घसाऱ्यासाठी कोणाला पैसे मोजून द्यावे लागत नाहीत, म्हणून तो या हिशेबात घ्यायचा नाही.

आता दिवस. वर्षभराची सरासरी काढली तर गोदामात 60 दिवसांची तूर असते. 82 हजार गुणिले 60, म्हणजे 49 लाख 20 हजार. अंगणात आणि मशीनवर 6 दिवसांचा माल. त्यावर तुरीचा पूर्ण पैसा लागलेला असतो, पण मजुरी-वीज अर्धीच, कारण काही तूर आज पसरलेली असते तर काही उद्या भरडायची असते. म्हणून दिवसाला साडेपंच्याऐंशी हजार धरायचे. ते झाले 5 लाख 13 हजार. भरलेली डाळ गाडीची वाट बघत 9 दिवस थांबते, तिचे 8 लाख 1 हजार. शेवटी उधारी. लातूर-पुण्याच्या व्यापाऱ्यांना 45 दिवसांची मुदत, म्हणून 93 हजार गुणिले 45, म्हणजे 41 लाख 85 हजार. इथे बिलाचा एक लाख न घेता खर्चाचे 93 हजार घ्यायचे. नफा आपण खिशातून घातलेला नसतो, तो अजून यायचा असतो.

हाताशी 2 लाख रोख ठेवली तर एकूण 1 कोटी 6 लाख 19 हजार होतात. यातून दुसऱ्यांनी आपल्याला दिलेली मुदत वजा करायची. शेतकऱ्याचे पैसे लगेच द्यावे लागतात, आडत्याकडून घेतलेल्या मालाला थोडी सवड मिळते. सगळ्या तुरीवर मिळून सरासरी 10 दिवस, म्हणजे 8 लाख 20 हजार. मजुरी आणि वीजबिल सरासरी 15 दिवस मागे चालतं, ते 1 लाख 5 हजार. उरली गरज 96 लाख 94 हजार.

म्हणजे सुरुवातीलाच 7 लाख कमी होते. एवढी तूट त्यांनी ओढूनताणून भागवलीही असती.

घात दोन गोष्टींनी केला. पहिली, 45 दिवस ही मुदत फक्त बिलावर होती. दिवाणजींनी वर्षभराची बिलं काढून प्रत्येकासमोर पैसे जमा झाल्याची तारीख लिहिली, तेव्हा सरासरी 60 दिवस निघाली. वाढलेल्या 15 दिवसांनी 13 लाख 95 हजार खाल्ले. उधारीचा एक दिवस वाढला की 93 हजार अडकतात, हे मालकांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

दुसरी गोष्ट जास्त खोल होती. 60 दिवसांची तूर ही सरासरी, आणि तूर सरासरीने येत नाही. आपल्याकडे जानेवारी ते मार्च आवक होते. तेव्हाच घेतली तर ताजी, एकसारखी आणि शेतकऱ्याकडून थेट मिळते. त्या दिवसांत गोदामात 120 दिवसांचा साठा लागतो, तोच ऑक्टोबरात 20 दिवसांवर येतो. उधारी 60 दिवसांची धरून मालकांनी हिशेब पुन्हा मांडला. भर हंगामात गरज 1 कोटी 60 लाख, ऑक्टोबरात 78 लाख. मर्यादा मात्र बारा महिने तीच. फेब्रुवारीत त्यांनी महिना दोन टक्क्यांनी हातउसने घेतले आणि तरीही जुलैत व्यापाऱ्यांकडून चढ्या भावाने तूर घ्यावी लागली. त्या वर्षीचा नफा तिथेच गेला.

ज्यांचा धंदा हंगामी आहे, मग तो कापसाचं जिनिंग असो की बालाघाटच्या सीताफळाचा गर, त्यांनी दोन हिशेब करावेत, एक भर हंगामाचा आणि एक रिकाम्या दिवसांचा. विक्रीच्या 20 टक्के ही बँकेने द्यायची किमान पातळी आहे. चक्र तीन महिन्यांपेक्षा लांब असेल तर त्याचा तपशील मांडून जास्त मर्यादा मागता येते आणि हंगामापुरती वेगळी मर्यादाही मागता येते. मात्र बँक साठ्यावर आणि उधारीवर मार्जिन कापते, उधारीवर घेतलेला माल धरत नाही आणि फार जुनी उधारीही सोडून देते. त्यामुळे हंगामात स्वतःचे पैसेही जास्त घालावे लागतात. मालकांनी त्यासाठी मशीन वाढवायचा बेत एक वर्ष पुढे ढकलला.

उधारीसाठी कायदा आहे. 2006च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत छोट्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. “गिऱ्हाईक तुटेल म्हणून मी तोंड उघडत नव्हतो,” मालक म्हणतात. आता ते उद्यम नोंदणीचा क्रमांक बिलावर छापतात आणि चाळिसाव्या दिवशी स्वतः फोन करतात. दोन व्यापारी सुटले, बाकीचे टिकले.

बँकेत जाण्याआधी मागच्या वर्षाची बिलं काढा. प्रत्येक बिलासमोर माल गेल्याची आणि पैसे आल्याची तारीख लिहा, आणि अर्जात बिलावरची मुदत न लिहिता या तारखांतून निघालेले दिवस लिहा.