शब्द तिचे, पैसा तुझा

अगं, तुझ्या मसाल्याच्या गिऱ्हाइकाने मिसळीचं रील टाकलं आणि आता तुला त्यावर पैसे लावायचेत, म्हणून मामाचं थोडं ऐक.

आपल्या नावाने केलेली जाहिरात आपल्या हातात असते. मजकूर पटला नाही तर बदलता येतो, फोटो नको असला तर काढता येतो. तिच्या रीलवर पैसे लावायचे म्हणजे पार्टनरशिप ॲड, आणि तिच्यात तसं नाही. तिथे वरती तिचं आणि तुझं अशी दोन्ही नावं दिसतात, "Paid partnership" असं लिहिलेलं येतं आणि खालचा मजकूर तिचा असतो. लोक थांबून बघतात तेही त्यासाठीच, कारण बोलणारी दुकानदार नसते. पण तिच्या वाक्यातला एक शब्दही तुला बदलता येत नाही, आणि पैसे तू भरलेस की त्या वाक्याची जबाबदारी तुझ्यावरही येते.

म्हणून पैसे लावायच्या आधी ते रील कान देऊन ऐक. तुझ्या या गिऱ्हाइकाने मध्येच म्हटलंय, "या मसाल्याने ॲसिडिटी होतच नाही." ती आपल्या मनाने बोलली तोवर तो तिचा अनुभव होता. तू पैसे लावलेस की तो तुझा दावा झाला, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. तिला सरळ सांग, ते वाक्य गाळून रील नव्याने टाक.

नव्याने टाकतेच आहे तर मागचं सिनेमाचं गाणंही काढायला सांग. गाण्याचे हक्क आपल्याकडे नसले की असं रील जाहिरातीसाठी चालत नाही, आणि हे बहुतेकांना पैसे लावायच्या वेळीच कळतं. तर्रीचा चरचराट आणि तिचा आवाज एवढं पुरे.

पुढचं काम पाच मिनिटांचं आहे. तिने पोस्टच्या तीन टिंबांवर जाऊन "Partnership label and ads" उघडायचं, "Get partnership ad code" चालू करायचं आणि मिळालेला कोड तुला पाठवायचा. तू ॲड्स मॅनेजरमध्ये जाहिरात बनवताना पार्टनरशिप ॲडचा पर्याय चालू करून तो कोड टाकायचा. तिच्या खात्यात हा पर्याय दिसत नसेल तर खातं प्रोफेशनल करावं लागेल; त्याला पैसे पडत नाहीत. तिचा पासवर्ड मात्र कधी मागू नकोस, त्याची गरजच नाही. तिचं रील स्वतःकडे उतरवून आपल्या पानावरून चालवायचा मोहही नको. एक तर तो तिचा माल, आणि मूळ पोस्टवरचे लाइक आणि कॉमेंट सोबत येतात तो फायदाही मग हातचा जातो.

तू तिला मसाल्याची दोन पाकिटं फुकट पाठवली होतीस ना? मग पार्टनरशिपचं लेबल मूळ पोस्टवरही लावायला सांग. जाहिरात मानक परिषदेने २०२१मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केले, त्यात फुकट दिलेली वस्तूही व्यवहारातच धरली आहे.

आता हिशोब. तुझ्या नावाची एक जाहिरात आणि तिची एक, दोन्ही वेगवेगळ्या ॲड सेटमध्ये ठेव आणि बजेट सारखं दे. दोन्ही एकत्र ठेवल्यास यंत्रणा बहुतेक पैसे एकीकडेच वळवते आणि तुला काहीच कळत नाही. समज, प्रत्येकी ३,००० रुपये लावले. तुझ्या जाहिरातीवर १२ ऑर्डरी आल्या, म्हणजे ऑर्डरीमागे २५० रुपये. तिच्यावर १५ आल्या, म्हणजे २००. इथे हुरळून जाऊ नकोस. तिला परवानगीचे २,००० दिलेस ते धर, की तोच आकडा ३३३वर जातो. तिचं मानधन एकदाच द्यायचं आहे, म्हणून याच वेगाने ९,००० लावून ४५ ऑर्डरी आल्या तर मानधनासकट ऑर्डर सुमारे २४४ला पडेल आणि तेव्हा कुठे ती स्वस्त ठरेल. थोडक्या पैशांत चार दिवस चालवायची असेल तर आपल्या नावाचीच जाहिरात बरी. मात्र तीच माणसं पुन्हा पुन्हा रील बघायला लागली की ऑर्डरी घटतात, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी ऑर्डरीमागचा खर्च बघत जा. लाइक मोजू नकोस.

कॉमेंट तिच्या पोस्टखाली येतील. "तिखट किती?" "नागपूरला पाठवता का?" याची उत्तरं तिला ठाऊक नसणार, ती तूच तुझ्या खात्यावरून दे, आणि त्याच दिवशी दे.

आणि व्हॉट्सॲपवर तिच्याशी लिहून ठरव: किती दिवस चालणार, किती पैसे, आणि तेवढे दिवस तिने पोस्ट काढायची नाही. तिने पोस्ट उडवली की तुझी जाहिरातही बंद पडते. ठरलेले दिवस संपले की जाहिरात तू स्वतः बंद कर; पुढे चालवायची असेल तर तिला पुन्हा विचार आणि पुन्हा पैसे दे.