एकच स्टेशन दोन जागी

प्रश्न : माझ्या जुन्या रेडिओवर ९५९० किलोहर्ट्झचं स्टेशन ८६८० वरही ऐकू येतं. मीडियम वेव्हवर असं होत नाही. फिल्टर बदलू का?

उत्तर : फिल्टर बदलू नका, त्याचा दोष नाही. दोन आकड्यांतला फरक बघा : बरोबर ९१०, म्हणजे आयएफच्या ४५५ ची दुप्पट. काटा ८६८० वर असताना सेटमधला ऑसिलेटर ९१३५ वर चालतो. मिक्सरमधून पुढे फक्त फरक वापरला जातो. ८६८० वरचा आणि ९५९० वरचा, दोन्ही सिग्नल ४५५ चेच होतात. पुढच्या आयएफ फिल्टरला ते वेगळे करताच येत नाहीत. ही प्रतिमा मिक्सरच्या आधीच अडवावी लागते, आणि ते काम अँटेनाच्या ट्यून्ड सर्किटचं.

त्याचा क्यू ५० धरला, तर ५५८ वर ऐकताना १४६८ ची प्रतिमा सुमारे शंभरपट क्षीण होते. ८६८० वर मात्र जेमतेम दहापट, कारण तिथे ९१० चं अंतर तुलनेनं फारच कमी पडतं. आधी अलाइनमेंट तपासा. खरा उपाय मिक्सरआधी आणखी एक ट्यून्ड टप्पा, किंवा पहिली आयएफ बरीच वर ठेवणारा डबल कन्व्हर्जन सेट.