उतरताना गुडघा आत का जातो?

अगं, तुझ्या स्मॅशच्या उडीचं सगळेच कौतुक करतात. मला मात्र तुझ्या खाली येण्याबद्दल बोलायचंय. तू बहुतेक वेळा डाव्या पायावर, तोही जवळजवळ ताठ ठेवून उतरतेस आणि त्याच क्षणी गुडघा आत झुकतो.

साधा हिशोब कर. उडीत तुझं शरीर ४० सेंटीमीटर वर गेलं असं धर. पाय टेकल्यावर तू जेमतेम १० सेंटीमीटर खाली जाऊन थांबलीस, तर पायांवर सरासरी तुझ्या वजनाच्या पाचपट जोर येतो. तेच ४० सेंटीमीटर खाली जात थांबलीस, तर दुप्पट. उडी तीच, फक्त थांबायला जागा जास्त मिळाली. ही जागा घोटा, गुडघा आणि खुबा तिघं मिळून देतात. आधी चवडा टेकतो, मग टाच. तेवढ्यात पोटरी पहिला झटका झेलते. मग गुडघा वाकतो. खुबा मागे गेला की नितंबांचे मोठे स्नायू कामाला लागतात. तू छाती अगदी ताठ ठेवतेस, त्यामुळे खुबा वाकतच नाही आणि त्याच्या वाट्याचं ओझंही गुडघ्यावर पडतं.

आता आत जाण्याचं. बिचाऱ्या गुडघ्याचा यात फारसा दोष नसतो. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू कमी पडला, की मांडीचं हाड आत सरकतं आणि आत वळतंही. खालून घोटा पुढे पुरेसा वाकत नसेल, तर पावलाची कमान दबते आणि नडगी आत कलते. गुडघा या दोघांच्या मधे सापडतो आणि त्याच्या आतला एसीएल हा अस्थिबंध ताणला जातो. गुडघा आत गेला म्हणजे एसीएल तुटतोच असं नाही, पण मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. आणि तुटतो तेव्हा पाय टेकल्यावर सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात तुटतो. तेवढ्यात विचार करून पाय सावरता येत नाही. सवय आधीच लागलेली हवी.

म्हणून आधी कारण शोध. भिंतीपासून अंगठा १० सेंटीमीटरवर ठेव आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लाव. लागला नाही, तर घोटा आखडलाय. पोटरी रोज ताणायची. सहज लागला आणि तरी उतरताना गुडघा आत जातो, तर खुब्याकडे बघ. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, किंचित मागे ठेवून उचल, आणि गुडघ्यांच्या वर रबरी पट्टा लावून बैठका काढ. मग ३० सेंटीमीटरच्या पायरीवरून दोन्ही पायांवर उतरायचा सराव कर. वाटी दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिली पाहिजे. ते जमल्याशिवाय एका पायावर येऊ नकोस.

गुडघा सुजला किंवा चालताना निसटल्यासारखा वाटला, तर सराव थांबव आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा, मॅच असली तरी.

फोन समोर ठेवून सरावाच्या सुरुवातीला आणि शेवटी, दमल्यावर, असे दोन व्हिडिओ काढ. दमल्यावरचा मला आधी पाठव.