तीन औषधं, तीन तऱ्हेचे कृमी

प्रश्न : फेब्रुवारीत शाळेत जंतनाशक दिनाला माझ्या मुलीला आल्बेंडाझोलची गोळी दिली. त्यानंतर घरात खरूज आली, तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांना आयव्हरमेक्टिन दिलं. आता कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखं काही वळवळताना दिसलं, तर पशुवैद्यांनी प्राझिक्वांटेल लिहून दिलं. सगळी जंतांचीच औषधं ना, मग एकाच गोळीत भागत का नाही?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : भागत नाही, कारण आपण सरसकट ‘जंत’ म्हणतो ते प्राणी एकमेकांचे जवळचे नातेवाईकही नाहीत. पोटातला गोलकृमी, कुत्र्यातला चपटा पट्टकृमी आणि कातडीत बीळ करणारी खरजेची माइट यांची शरीरं फार वेगळी आहेत. या तीन औषधांपैकी प्रत्येक औषध त्या शरीरातल्या वेगळ्याच जागी घाव घालतं.

शाळेतली गोळी संथपणे मारते. कृमीच्या पेशींमध्ये ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनापासून बारीक नळ्या बनतात आणि पेशीतली ने-आण त्यांच्यावरूनच चालते. आल्बेंडाझोल त्या प्रथिनाला चिकटतं, नळ्या जुळेनाशा होतात, कृमीला साखर शोषता येत नाही. साठा संपला की तो मरतो. त्याला काही दिवस लागतात. म्हणून दुसऱ्या दिवशी शौचात काही दिसलं नाही, तर गोळी वाया गेली असं समजू नका. 400 मिलिग्रॅमच्या एका मात्रेने गोलकृमी बहुतेक जातात, अंकुशकृमीही बरेच जातात. चाबूककृमी मात्र पुष्कळदा टिकून राहतो.

हे औषध आतड्यातून रक्तात फारसं जात नाही. पोटातल्या जंतांसाठी ते सोयीचंच आहे. पण डुकराच्या पट्टकृमीची अळी मेंदूत जाऊन बसली आणि मुलाला फिट आली, तर औषध तिथवर पोहोचायला हवं. तेव्हा तूप-तेलाच्या जेवणाबरोबर द्यावं लागतं, कारण स्निग्ध पदार्थाने त्याचं शोषण कित्येक पटींनी वाढतं. मात्राही एकदाची नसते : वजनाच्या दर किलोला सुमारे 15 मिलिग्रॅम, रोज, 10 ते 14 दिवस. सोबत स्टिरॉइड देतात, कारण अळी मरू लागली की भोवतालचा मेंदू सुजतो आणि फिट वाढू शकते. शाळेतली गोळी आणि हा उपचार यांत औषधाच्या नावाखेरीज फारसं साम्य नाही.

आयव्हरमेक्टिनची चाल निराळी. ते उपाशी मारत नाही, लुळं करतं. गोलकृमी आणि संधिपाद प्राण्यांच्या मज्जातंतूंत व स्नायूंत ग्लुटामेटने उघडणारी क्लोराइडची दारं असतात. औषध ती उघडी ठेवतं, मग स्नायू हलत नाहीत आणि घसाही गिळत नाही. आपल्यात ही दारं नाहीतच. पट्टकृमी आणि पर्णकृमी या चपट्या प्राण्यांवर त्याचा उपयोग होत नाही. खरजेच्या अंड्यांवरही ते भरवशाचं नाही, म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते. तुमच्या घरी ती राहिली असेल तर डॉक्टरांना विचारा. कोली जातीच्या काही कुत्र्यांत मेंदूची राखण करणारं प्रथिन सदोष असतं, त्यांना हे औषध जास्त मात्रेत जिवावर बेतू शकतं. तेव्हा तुमच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका.

उरलं प्राझिक्वांटेल. ते चपट्या कृमींसाठी. त्याने कृमीच्या शरीरात कॅल्शियमचा लोंढा शिरतो, स्नायू आखडतात आणि कातडी फाटते. हे काही मिनिटांतच सुरू होतं. हे औषध का लागतं हे कळायला आपल्याच कोकणाकडे पाहावं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात 1952 साली गाडगीळ आणि शहा यांनी लघवीतून रक्त जाण्यामागे शिस्टोसोमा हा पर्णकृमी असल्याचं दाखवलं. लघवीत त्याची अंडी सापडत, आणि तो वाढायचा एका चिमुकल्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत. अशा रुग्णाला शाळेतली गोळी महिनाभर दिली तरी काम होणार नाही. हा कृमी राहतो शिरेत, तिच्या भिंतीला धरून. प्राझिक्वांटेलने आखडला की त्याची पकड सुटते, तो रक्तासोबत यकृताकडे वाहत जातो आणि फाटलेल्या कातडीमुळे उघडा पडून आपल्या संरक्षक पेशींच्या तावडीत सापडतो. नुकताच शिरलेला कोवळा कृमी मात्र या औषधाला दाद देत नाही, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासून गरज असल्यास मात्रा पुन्हा देतात.

तुमच्या कुत्र्याचे ते दाणे म्हणजे पट्टकृमीचे सुटलेले भाग. प्राझिक्वांटेलने कृमी जाईल, पण तो पिसवांमार्फत येतो. पिसवा अंगावर राहिल्या, तर थोड्या आठवड्यांत दाणे पुन्हा दिसतील.