नाडीवरची बोटं

डाव्या कुशीवर झोपलं की छातीतला ठोका अधिक स्पष्ट जाणवतो. अशाच एका रात्री मला एक ठोका चुकल्यासारखा वाटला. क्षणभर काहीच नाही, आणि मग आतून जोराचा धक्का. मी उठून बसले, मनगटावर बोटं ठेवली. नाडी ऐंशीच्या आसपास होती. मोजता मोजताच ती शंभरावर गेली, तळहातांना घाम सुटला. पुढचे कित्येक आठवडे बोटं मनगटावरून हललीच नाहीत म्हणा ना. स्वयंपाक करताना, बसमध्ये, कुणाशी बोलत असतानाही निम्मं लक्ष छातीकडे. रात्री ह्यांना उठवायचं, "अहो, जरा हात ठेवून बघा ना, नीट पडतायत ना ठोके?"

ईसीजी, एको, थायरॉईड, हिमोग्लोबिन, सगळं व्यवस्थित निघालं. मग डॉक्टरांनी चोवीस तासांचं होल्टर लावलं. छातीला इलेक्ट्रोड, कमरेला छोटं यंत्र आणि हातात एक कागद. काही जाणवलं की त्यावर वेळ लिहायची. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तो कागद आलेखाशेजारी ठेवला. मी 'धडधड, ठोका चुकला' असं लिहिलेल्या बहुतेक वेळांना हृदय अगदी नियमित चाललेलं होतं, फक्त वेग थोडा वाढलेला. जे थोडे जादा ठोके खरोखर पडले होते, त्यांतले बरेचसे दुपारी, मी भाजी निवडत गप्पा मारत असताना. त्या वेळांपुढे माझा कागद कोरा होता.

तेव्हा डॉक्टरांनी समजावलेलं इथे सांगते. ठोका चुकत नाही, एक ठोका वेळेआधी पडतो. हृदय तोवर पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो हलका पडतो आणि कळतही नाही. त्यानंतर जरा लांब विराम येतो, तेवढ्यात हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरकस बसतो. आपण घाबरतो ते या चांगल्या ठोक्याला. निरोगी माणसांतही असे ठोके अधूनमधून पडतात. शिवाय श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. बोट ठेवून बसलेल्या माणसाला हा नैसर्गिक फरकही बिघाड वाटतो.

श्वासाचं तर याहून अवघड. एकदा त्याच्याकडे लक्ष गेलं की तो आपसूक चालतोय यावरचा विश्वासच उडतो. 'पुरेसा आत जात नाही' असं वाटून मी सारखे खोल श्वास, मोठे उसासे घ्यायचे. त्याने प्राणवायू वाढत नव्हता, तो आधीच पुरेसा होता. शरीरातला कार्बन डायऑक्साइड मात्र गरजेपेक्षा जास्त बाहेर जात होता. त्यामुळे बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळल्यासारखी वाटते आणि आणखी खोल श्वास घ्यावासा वाटतो. बोटावरचा ऑक्सिमीटर अशा वेळीही ९८-९९ दाखवायचा. तेवढ्यापुरतं हायसं वाटे, आणि पाच मिनिटांनी पुन्हा बोट त्यात.

ही तपासणीच भीतीला जगवते. दर वेळी खात्री करून घेतली की मेंदू एवढंच शिकतो की खात्री करण्याजोगं काहीतरी होतं. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६मध्ये पॅनिकचं हेच चक्र मांडलं: साधी संवेदना, तिचा भयंकर अर्थ, भीती, भीतीने वाढलेली संवेदना.

म्हणून, तपासण्या एकदा नीट झाल्या असतील तर ऑक्सिमीटर घरातल्या कुणाकडे तरी देऊन टाका. नाडी बघावीशी वाटली तर 'कधीच नाही' असं ठरवू नका, ते टिकत नाही. 'दहा मिनिटांनी बघेन' म्हणा आणि हातातलं काम चालू ठेवा. बहुतेकदा दहा मिनिटांनी ती ओढ ओसरलेली असते. घरच्यांनाही सांगून ठेवा की छातीला हात लावून धीर द्यायचा नाही. मला याचाच सर्वांत जास्त त्रास झाला, कारण तो धीर खरंच गोड लागतो. श्वास मोजू नका, खोल ओढू नका. फार झालं तर नाकाने बेताचा घ्या आणि सावकाश सोडा.

यानंतरची पायरी डॉक्टरांना विचारून, शक्यतो समुपदेशकाच्या मदतीने करावी. जागच्या जागी मिनिटभर धावायचं, छाती धडधडू द्यायची आणि नाडी न बघता ती आपली आपण शांत होईपर्यंत थांबायचं. पहिल्यांदा मी रडवेली झाले होते. रोज केल्यावर धडधड तेवढीच राहिली, पण तिच्यामागून येणारा घाम थांबला.

जादा ठोके अजूनही पडतात. त्यासाठी मी दवाखान्यात जात नाही. पण चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखलं, दुखणं हाताकडे वा जबड्याकडे सरकलं, शुद्ध हरपली, विश्रांती घेऊनही धाप थांबेना, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक दगावलं असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठायचे.