एक आवाज, अनेक माणसे

मुलांनो, समजा, तुमची नानी खोपोलीला राहते. तिला आता डोळ्यांनी दिसत नाही. तिच्यासाठी तुम्हांला एक कथा वाचून ध्वनिमुद्रित करायची आहे. अशा पुस्तकाला बोलके पुस्तक म्हणतात. मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने अंध वाचकांसाठी अशी पुस्तके तयार केली आहेत. बोलके पुस्तक बहुधा एकच माणूस वाचतो. कथेत मात्र माणसे अनेक असतात. मग कोण बोलत आहे, हे नानीला कसे कळेल?

हा उतारा पाहा :

कर्जतहून निघालेली गाडी पळसदरीला थांबली.
“खोपोली आली का?” सलमाने विचारले.
“नाही बेटा, मध्ये अजून तीन स्टेशने आहेत,” अम्मी म्हणाली.
सलमा खिडकीबाहेर पाहू लागली. नानी मला ओळखेल का? गाडी सुटली.

मराठीत ‘विचारले’, ‘म्हणाली’ हे शब्द बहुधा बोलण्याच्या नंतर येतात. तोपर्यंत नानीने ते बोलणे ऐकलेलेही असते. म्हणून वाचणाऱ्याने आधी सगळा उतारा मनात वाचावा आणि प्रत्येक संवादापुढे पेन्सिलीने ‘स’ किंवा ‘अ’ असे लिहून ठेवावे. सलमाचे बोलणे थोडे भरभर वाचा, अम्मीचे थोडे संथ. एवढा फरक पुरतो. लहान मुलीचा चिरका आवाज मुळीच काढू नका. तसा आवाज तासभर कोण ऐकेल?

आता ‘अम्मी म्हणाली’ हे शब्द घ्या. ते अम्मीचे नाहीत, कथा सांगणाऱ्याचे आहेत. तेथे आवाज थोडा खाली आणा आणि न थांबता वाचा. थांबलात, तर नवे वाक्य सुरू झाले असे वाटते.

सर्वांत अवघड वाक्य पुढेच आहे : नानी मला ओळखेल का? येथे अवतरणचिन्हे नाहीत, कारण सलमा हे मनात म्हणते. तुम्ही ते संवादासारखे मोठ्याने वाचले, तर ऐकणाऱ्याला वाटेल की तिने अम्मीलाच विचारले. मग तो अम्मीच्या उत्तराची वाट पाहील, आणि गाडी तर सुटलेली असेल! म्हणून या वाक्याआधी क्षणभर थांबा. आवाज सलमाचाच ठेवा. पण हळू आणि सावकाश, स्वतःशी बोलल्यासारखा. मात्र कुजबुजू नका. कुजबुजताना श्वासाचा आवाज वाढतो आणि शब्द ऐकू येत नाहीत.

राहिली प्रकरणाची सुरुवात. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकात प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे. अशा ४२ रात्री आहेत. ऐकणाऱ्याला पान उलटलेले दिसत नाही. म्हणून प्रकरणाचा क्रमांक आणि नाव साध्या आवाजात वाचा, दोन सेकंद थांबा आणि मग पहिले वाक्य घ्या. आधीचे प्रकरण रडण्याच्या प्रसंगावर संपले असेल, तर तो भरलेला गळा पुढच्या प्रकरणात आणू नका. नवे प्रकरण दुसऱ्या दिवशी वाचणार असाल, तर आधी कालचे थोडे ध्वनिमुद्रण ऐका. नाही तर सलमाचा आवाज रातोरात बदलेल आणि नानी विचारील, “ही नवी मुलगी कोण?”