रात्रपाळीची गाडी: फाट्यापर्यंत की दारापर्यंत?

महाड एमआयडीसीत रात्री अकराला पाळी सुटल्यावर पोलादपूरकडच्या बाईला हायवेवरून घरी नेणं फार अवघड नाही. अवघड असतो तो फाट्यापासून वाडीपर्यंतचा अंधारातला चढ. खर्च वाचवताना पहिली काट तिथेच बसते, म्हणून हिशोब तिथूनच करावा.

समजा पाच जणी आहेत आणि पोलादपूर 20 किमीवर आहे. जाऊन-येऊन 40 किमी झाले. दोन वाड्या फाट्यापासून अडीच-अडीच किमी आत धरल्या तर आणखी 10, म्हणजे एकूण 50 किमी. किलोमीटरला 16 रुपये आणि चालकाचा रात्रीचा भत्ता 200 रुपये धरला, तर रात्रीचे 1000 रुपये होतात, माणशी 200. त्यातला वाड्यांचा खर्च फक्त 160, म्हणजे माणशी 32 रुपये. दर तुमच्या गाडीवाल्याला विचारून बदला, पण गणित हेच राहील. परतीच्या रिकाम्या फेरीचे पैसेही करारातच धरा. ते मिळाले नाहीत तर चालक वाटेत दुसरं भाडं शोधतो किंवा फाट्यावरूनच गाडी वळवतो. रोजच्या नोंदवहीत मीटर 50 ऐवजी 40 दाखवत असेल, तर बायका फाट्यावरच उतरताहेत हे ओळखावं.

कार्यालयं आणि दुकानांसाठी महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याचं कलम 13 स्पष्ट आहे: रात्री साडेनऊनंतर काम द्यायचं तर बाईची संमती हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची सोय मालकाने करायची. कारखान्यांना 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम 43 नुसार संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी कामासाठी बाईची संमती लागते. कारखाना असो वा कार्यालय, गाडीचं भाडं तिच्या पगारातून कापू नये, असं माझं ठाम मत आहे.

2007 साली पुण्यात एका बीपीओतील तरुणीचा खून कंपनीच्याच गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने केला. गाडीत ती एकटी होती. म्हणून सर्वांत आधी बसणारी किंवा शेवटी उतरणारी बाई एकटी राहता कामा नये. शेवटच्या वाडीत दोघी नसतील तर सुरक्षारक्षक शेवटच्या घरापर्यंत सोबत पाठवा. चालकाने कुणालाही परस्पर गाडीत घेऊ नये. गाडीत छेडछाड झाली तर तक्रार कंपनीच्या अंतर्गत समितीकडेही करता येते, कारण 2013 चा कायदा मालकाने दिलेली गाडीही कामाचं ठिकाणच मानतो.

पावसाळ्याचं वेगळं ठरवा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल कोसळून दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. पाणी चढलं किंवा दरड आली तर गाडी काढू नका. कंपनीतच बायकांसाठी कडीची खोली, अंथरूण आणि जेवण तयार ठेवा आणि घरी फोन करा.

बायांनो, संमतीपत्रावर सही करण्याआधी मार्ग, उतरण्याचा क्रम आणि ‘दारापर्यंत’ हा शब्द कागदावर लिहून घ्या.